सुतकातला शुक्रवार

रूपल नात्याने माझी चुलत जाऊ. शिरगावात आमच्या दोन वाड्यांच्या मधे फक्त मेंदीचं कुंपण आहे, त्यामुळे तिच्या घरात काय शिजतं आणि काय करपतं हे मला विचारावं लागत नाही. वय छत्तीस. नवरा प्रीतम तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. सासूला सगळे माई म्हणतात. माईंनी वाडीत भाजीची आणि फुलझाडांची रोपं करायला सुरुवात केली, आणि रूपलने त्याची रोपवाटिका केली. बोईसरच्या इमारतींमधल्या बायका तिच्याकडून मिरची, कढीपत्ता, पुदिना घेऊन जायच्या आणि आठ दिवसांनी फोन करायच्या, "रोप मेलं हो!"

"मेलं नाय, मारलंत," रूपल म्हणायची. मग फोनवर अर्धा अर्धा तास समजवायची. पाणी किती, ऊन किती, कुंडीला भोक आहे का. एकच गोष्ट दिवसातून चार जणींना सांगायची. शेवटी कंटाळून तिने मोबाइल उभा धरला आणि ती कुंडीच्या भोकाबद्दल पाऊण मिनिट बोलली. तो तिचा पहिला व्हिडिओ.

तिची मूळ खोड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रूपल आरंभशूर होती. शिवणाचं मशीन आणलं, दोन परकर शिवले, मशीनवर कपडा झाकला. व्हिडिओचंही तेच होऊ लागलं. एका आठवड्यात पाच टाकले, मग वीस दिवस काही नाही. रोज सकाळी उठून आज काय बोलू याचा विचार, मग केस विंचरा, मग जागा शोधा, बोलताना मागे कोंबडा ओरडला की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी मोबाइलवर व्हिडिओची कापाकापी करायला बसली की भात उतू जायचा. दिनानाथकाका आमच्या भावकीतले वडीलधारे. ते ओटीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "प्रीतमच्या बायकोचा चॅनेल हाय ना, तो अधिक मासासारखा हाय. येतो तेवा येतो."

हे तिला लागलं. पण युक्ती सुचली ती माईंमुळे. माघात आम्ही तिघी पोह्याचे पापड करत होतो. माई लाटता लाटता म्हणाल्या, "तुज्या विडिओचं काय नडतंय ठाव हाय? तू रोज एक पापड लाटतेस. रोज पीठ मळतेस, रोज पोळपाट काढतेस, रोज धुतेस. असे कोणी पापड करतं?"

रूपल हातातलं लाटणं तसंच धरून बसली. दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने वार वाटून टाकले. माझ्या रोजच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: "रूपलने आज पीठ एकदाच मळायचं ठरवलं."

सोमवारी लिहायचं. उठल्याउठल्या नाही, देवपूजा, नाश्ता, डबे उरकल्यावर. आठवडाभर गिऱ्हाइकांनी जे प्रश्न विचारले ते तिने एका कागदावर टिपून ठेवलेले असायचे. त्यातले चार निवडायचे. एका व्हिडिओत एकच गोष्ट. पहिलं वाक्य असं की अंगठा थांबला पाहिजे. "नमस्कार, मी रूपल" हे तिने काढून टाकलं. लिहून झालं की मोठ्याने वाचायचं, घड्याळ लावून. शंभर शब्दांच्या वर गेलं की काट मारायची. मला हाक मारायची, "वहिनी, ऐका, कुठे कंटाळा आला ते सांगा." मी प्रामाणिकपणे सांगायची. माझ्यावर दोनदा रुसली.

शुक्रवारी शूटिंग, कारण प्रीतमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. माडांखाली सावलीचे ठिपके पडतात, चेहरा वाघासारखा दिसतो, म्हणून विहिरीजवळची मोकळी जागा. आठ ते दहा. दहानंतर ऊन डोळ्यांत जातं. एका बाजूला पांढरी चादर टांगायची, म्हणजे उन्हाचा उजेड तिच्यावरून तोंडावर येतो. मोबाइलचं भिंग ओढणीने पुसायचं, फोन येणं बंद करायचं, गळ्याशी लावलेल्या माइकला स्पंजाचा तुकडा, कारण समुद्राकडचा वारा त्यात घूं घूं करतो. आधी चारही व्हिडिओंमधलं तोंडाने बोलायचं सगळं ओळीने काढायचं, प्रत्येकाला वेगळी ओढणी. मग चारही व्हिडिओंमधलं हातांचं काम ओळीने. स्टँड एकदाच हलवायचा.

झाडं काही शुक्रवार बघून वाढत नाहीत. धणे पेरले आणि कोथिंबीर खुडली हे एका सकाळी कसं दाखवणार? त्यावर तिने काय केलं, दर आठ दिवसांनी एक टब पेरायला घेतला. पाच आठवड्यांत पाच टब, पाच वयांचे. मग एका शुक्रवारी बीपासून भाजीपर्यंत सगळं समोर हजर.

शनिवारी दुपारी कापाकापी. आधी चारही व्हिडिओंमधले अडखळे आणि रिकाम्या जागा काढायच्या, मग चारहींवर अक्षरं लावायची, कारण निम्म्या बायका आवाज बंद करून बघतात. रविवारी ते चॅनेलवर चढवून वेळ लावून ठेवायची: मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चार. चहाची वेळ. आठवड्याला जातात तीन, करायची चार. चौथा साठ्यात. पाहुणे, ताप, पाळी, लग्न, कशाला तरी तो उपयोगी पडतो.

"एकदा लावला की विसरायचं," ती मला म्हणाली होती. "तोच तर फायदा हाय, वहिनी. डोकं मोकळं."

अशी एकवीस आठवडे एकही वार चुकला नाही. दिनानाथकाकांचा अधिक मास बंद झाला. माणूस एक टोमणा बंद झाला की दुसरा शोधतो; ते आता म्हणू लागले, "भावकीची सून, रोज उठून बाजारात तोंड दाखवते."

बाविसाव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, आमचे धर्माजीकाका गेले. दिनानाथकाकांचे सख्खे मोठे भाऊ, आमचे चुलत सासरे. म्हातारपणच होतं, पण गेले तेव्हा घर हादरलं. त्यांच्या बायकोला, साखरकाकींना, आम्ही दोघी जावा धरून होतो. भावकीला दहा दिवसांचं सुतक. मी देव्हाऱ्यावर कापड टाकलं, पोथी बांधून ठेवली. रूपल मंगळवारपासून काकींच्याच घरी. पाणी तापव, आल्यागेल्याला चहा दे, काकींना दोन घास भरव. मोबाइल तिच्या पिशवीत कुठे तरी तळाशी.

गुरुवारी दुपारी ओटीवर पुरुष बसले होते, आत चटईवर आम्ही बायका. दिनानाथकाकांची लेक किंजल बोईसरहून आली होती. ती दाराशी बसून मोबाइलवर काहीतरी बघत होती. एकदम ढोलकी वाजली, आणि पाठोपाठ रूपलचा खणखणीत आवाज: "मिरची रुसलीये? पानं मुडपून बसलीये? चला बायांनो, आज तिला हसवू या!" आणि मग रूपलचं हसणं.

किंजलला आवाज बंद करायचं बटण सापडेना. ढोलकी वाजतच राहिली. ओटीवरचं बोलणं थांबलं.

"कोणाचा आवाज हाय तो?" दिनानाथकाका दारात उभे राहिले.

रूपल आतून आली. हातात चहाची गाळणी तशीच.

"काका, चुकलं. विसरले मी."

"भाऊ जाऊन दोन दिवस नाय झाले, नि तू मिरची हसवतेस?"

"मागल्या शुक्रवारी काढलेलं हाय ते. आज नाय."

"मंग आज कसं आलं?"

"वेळ लावली की आपोआप जातं."

"म्हंजे तू इथं रडतेस नि तिथं हसतेस? एकाच वेळेला?"

कोणीतरी खाकरलं. मला वाटतं हसू दाबलं असावं. रूपलचे कान लाल झाले होते. ती काकींच्या पायाशी जाऊन बसली. "काकी, आजचा काढायला पायजे होता. डोक्यातनं गेलं."

साखरकाकींनी डोळे मिटलेलेच ठेवले. "गाळणी ठेव आधी खाली," त्या म्हणाल्या. "चटईवर ठिपकतेय."

एवढ्यावर मिटलं असतं. रूपलने तिथेच मोबाइल काढून तो व्हिडिओ लोकांना दिसेनासा केला. पण दिनानाथकाकांना वेळ सापडली होती. चार माणसं समोर होती. ते म्हणाले, "नुसता काढून भागायचं नाय. तेराव्यापर्यंत मोबाइलला हात लावायचा नाय. नि तेराव्यानंतर पण हे बंद. कायमचं. प्रीतम, ऐकतोस ना? भावकीचा निर्णय हाय असं समज."

प्रीतम गरीब माणूस. त्याने जमिनीकडे बघितलं. रूपलने प्रीतमकडे बघितलं. मग ती उठून आत गेली आणि उरलेला चहा गाळला.

संध्याकाळी मी कुंपणापाशी गेले तेव्हा ती पायरीवर मोबाइल घेऊन बसली होती. मला वाटलं, सगळं पुसून टाकतेय.

"नाय," ती म्हणाली. "ढोलकी काढतेय. गेलेला विडिओ तिथल्या तिथे दुरुस्त होत नाय, पण कापाकापीचं मूळ आठवडाभर मी ठेवते. हसणं कापलं, ढोलकी कापली. निंबोळीचं तेल नि साबणाचं पाणी तेवढं ठेवलं. आता नवीन चढवते."

"आज? रूपल, काका..."

"ढोलकी वाजली ही माजी चूक. काकींची माफी मागितली. पण कायमचं बंद हे कुठनं आलं, वहिनी? ते सुतकात बसतं?"

मी कुंपणातून आत जाऊन तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"शनिवारचा पण उघडला. त्यातलं पण गाणं काढलं. पुढच्या मंगळवार-गुरुवारला साठ्यातले उरलेले दोन हायेत. पण पुढच्या शनिवारला काय नाय. उद्या शुक्रवार. उद्या नाय काढलं तर तो वार रिकामा जाणार." तिने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "तुमाला वाटेल, एका वाराने काय होतं. मला ठाव हाय काय होतं. एक वार चुकला की दुसरा त्याच्या मागनं चुकतो. मागं वीस वीस दिवस गेले ते असेच. मी परत शिवणाच्या मशीनवर कपडा टाकणार नाय."

साडेसहाला तो व्हिडिओ पुन्हा गेला, नुसत्या आवाजाचा, साधा. मी पाहिला. मिरचीच्या पानांच्या खालच्या बाजूला, ऊन उतरल्यावर, फवारा मारायचा. बस.

शुक्रवारी आठ वाजता मला कुंपणापलीकडे पांढरी चादर दिसली. मी गेले. रूपलने तेच परवापासूनचं सुती पातळ नेसलं होतं, कुंकू बारीक, वेगळ्या ओढण्या नाहीत. चेहरा दाखवायचाच नाही असं तिने ठरवलं होतं. स्टँड वाकवून मोबाइल खाली कुंड्यांकडे केला होता. तोंडाने बोलायचं सगळं ती नंतर घरात बसून बोलून वर जोडणार होती. माई विहिरीपाशी घागर घेऊन. बायडी होती. ती मासवणच्या बाजूची. पहाटे दिनानाथकाकांच्या वाडीत सोनचाफा तोडते आणि मग रूपलकडे कुंड्या भरायला येते. आज हात तिचे, कारण ते मातीत रूपलच्या हातांपेक्षा सरावाने चालतात.

"बाय, माजी नखं काळी हायती," बायडी म्हणाली.

"तीच पायजेत. गोरी नखं बघून लोकांना खोटं वाटतं."

पहिली कुंडी झाली. खाली खापर, वर नारळाचा काथ्या, मग माती. दुसरी झाली. तिसरीला बायडीने हात घातला आणि फाटक वाजलं.

दिनानाथकाका आले. खांद्यावर पंचा, डोक्यावरचे केस उतरवलेले. भाऊ गेलेल्या माणसाचं तोंड. मला वाईटच वाटलं. पण त्यांनी चादर पाहिली आणि आवाज चढला.

"काल सांगितलं ते ऐकायला आलं नाय का?"

रूपल उभी राहिली. मोबाइलवरचा लाल ठिपका तिने थांबवला. "आलं, काका. तेराव्यापर्यंत हसणार नाय, गाणं लावणार नाय, तोंड दाखवणार नाय. काकींसाठी. पण काम बंद नाय करणार."

"काम? ह्याला काम म्हणतेस?"

"रोपं इकायची तर लोकांना शिकवायला लागतं. हे काम नाय तर काय हाय?"

"सुतक हाय, सुतक! कळतं का? सूनबाय, तुमी सांगा हिला. तुमी पोथीवाल्या." ते माझ्याकडे वळले.

माझं नाव पोथीवाली म्हणून घेतलं तेव्हा मला खरं तेच सांगावं लागलं. "सुतकात देवपूजा नाय, सण नाय, गोडधोड नाय," मी म्हटलं. "नांगर ठेवा, पाणी सोडू नका, असं मी कुठं वाचलं नाय."

"म्हंजे तुमी पण!"

"काका," रूपल म्हणाली. आवाज वर गेला नव्हता, हेच जास्त झोंबलं असावं. "आज पहाटे तुमच्या वाडीतनं चाफ्याच्या पिशव्या गेल्या. बायडीने तोडला, तुमी बांधला. काल पण गेला, परवा पण. पहाटेच्या गाडीने दादरला. ती फुलं कुठल्या तरी देवाच्या डोक्यावर बसली असतील. आपल्या देव्हाऱ्यावर कापड हाय, नि आपली फुलं दुसऱ्याच्या देवाला. मी इचारलं का, काका, सुतकातली फुलं कशी चालतात?"

बायडी मातीत हात घालून एकदम बारीक झाली. माईंनी घागर खाली ठेवली.

दिनानाथकाकांचे ओठ हलले. "चाफा थांबत नाय," ते म्हणाले. "आज नाय तोडला तर उद्या पाकळ्या गळतात. झाडाला काय कळतं कोण मेलं?"

"माजाही तसाच हाय. वार थांबत नाय."

"फुलं नि मोबाइल एक?"

"तुमचा चाफा बाप्या इकतो म्हणून ते काम. माजं बाई करते म्हणून थेर." माईंनी विहिरीवरून तोंड घातलं. "प्रीतम बुधवारी रात्रपाळीला गेला तेवा कोण आडवा आला? दिनाभाऊ, सुतक सुनांनाच लागतं काय?"

"माई, तुमी मधे पडू नका."

"मी विहिरीवर हाय. तुमीच माज्या वाडीत हायेत."

प्रीतम दारात येऊन उभा होता. काल खाली बघणारा. आज तो चालत आला आणि पांढऱ्या चादरीचं सुटलेलं टोक धरून उभा राहिला. त्याला बोलायला येतच नाही.

काकांनी ते पाहिलं. त्यांचा आवाज एकदम सपाट झाला. "तेराव्याच्या जेवणाला तुज्या हातचं कोण खाणार नाय, रूपल. भावकीत उठबस बंद होईल. इचार कर."

"तेरावं काकींचं हाय. त्या सांगतील ते मी करीन. भांडी घासीन, पाणी भरीन." रूपलने पदर खोचला. "नि चारला विडिओ जाईल. उद्या, मंगळवारी, गुरुवारी, नि पुढच्या शनिवारी. आत्ता इथं जो निघेल तो. तुमी बघा, नाय तर नका बघू. तुमच्या किंजलला वेळ ठाव हाय."

किंजलचं नाव काकांना अपेक्षित नव्हतं. ते तिथेच उभे राहिले, कुंड्यांच्या आणि उन्हाच्या मधे. घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते. विहिरीच्या कठड्यावरचं ऊन आत सरकलं होतं. अजून अर्धा तास, मग उजेड कामाचा नाही, आणि अजून दोन व्हिडिओंचे हात बाकी.

रूपल खाली वाकली. मोबाइलच्या पडद्यात बघितलं. मान वर न करता म्हणाली, "काका, जरा बाजूला सरा. तुमची सावली कुंडीवर पडतेय."

काका हलले नाहीत. रूपलही हलली नाही. तिने बोट लाल ठिपक्यावर तसंच अधांतरी ठेवलं. मग दिनानाथकाकांनी पंचा खांद्यावर नीट केला आणि ते दोन पावलं मागे झाले. फाटकाकडे गेले नाहीत, पण सावली कुंडीवरून उतरली.

"बायडी," रूपल म्हणाली, "तिसरी कुंडी. खापरापासून परत."